नवीन स्क्रीनगार्ड लावल्यावर फोन बोट ओळखेना?

सेन्सर बिघडला असं लगेच धरून चालू नका. आधी स्क्रीन बंद करून फोन दिव्याखाली तिरका धरा. सेन्सरच्या जागी बुडबुडा किंवा रंगीत वलयं दिसली, तर काच तिथे नीट चिकटलेली नाही, मध्ये हवा आहे. अल्ट्रासॉनिक सेन्सर ध्वनिलहरींवर चालतो आणि त्या लहरी हवेच्या पातळ थरावरूनच मागे फिरतात. मग बोट कितीही दाबा, उपयोग नाही. फक्त कडांना गोंद असलेली काच इथेच फसते. त्याऐवजी पूर्ण पृष्ठभागावर चिकटणारी काच किंवा टीपीयू या लवचिक प्लास्टिकची पातळ फिल्म घ्या. ती लावल्यावर जुने ठसे काढून टाका आणि नव्या थरावरूनच बोट पुन्हा नोंदवा. ही पायरी बरेच जण गाळतात. ऑप्टिकल सेन्सर प्रकाशावर चालतो, त्याला साधी पारदर्शक काच सहसा चालते, प्रायव्हसी काच मात्र नडते.