सेस्टिनाचे सहा शब्द

प्रिय,

विरह, एकांत, मन, आसवं, आकाश, स्वप्न हे सेस्टिनासाठी निवडलेले तुझे सहा शब्द वाचले. सहा ओळींच्या सहाही कडव्यांत ओळींच्या टोकाला हेच शब्द फिरून फिरून यायचे असतात आणि शेवटी तीन ओळींचा समारोप. ते एकाच खोलीत बसलेले आहेत, अडचण ती आहे. पहिल्या कडव्यात जे सांगून होईल त्याहून वेगळं काही सांगायची सोय त्यांच्यात नाही. अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशपच्या प्रसिद्ध सेस्टिनाचे शब्द बघ: घर, आजी, मूल, चूल, पंचांग, आसवं. त्यांत भावनेचा शब्द शेवटचा, एकटाच, म्हणून तो किटलीच्या थेंबांत, कपातल्या चहात, चित्रातल्या माणसाच्या बटणांत शिरू शकतो.

शब्द निवडण्याआधी त्यांची फिरती पाठ कर. पुढच्या कडव्यात आधीच्या कडव्याचे शब्द ६, १, ५, २, ४, ३ या क्रमाने येतात. म्हणजे कडव्याच्या शेवटचा शब्द लगेच पुढच्या कडव्याची पहिली ओळ संपवतो. लागोपाठ दोन ओळी, तोच शब्द. कडवी लिहून बघितलीस की दिसेल, ही पाळी क्रमाने ६, ३, ५, ४ आणि २ वर येते. पहिल्या शब्दावर मात्र ती येत नाही, कारण तो सहाव्या कडव्याच्या टोकाला पोचतो आणि पुढे फक्त तीन ओळींचा समारोप उरतो. तेव्हा तुझा सगळ्यात ताठर, अर्थ न बदलणारा शब्द पहिल्या जागी ठेव. सर्वांत लवचीक सहाव्या जागी, कारण वाचकाला नियम कळायच्या आधीच त्याला दुहेरी यायचं असतं.

एक संच करून बघू: कंदील, घर, वाट, पार, हात, सर. कंदील ताठर, तो पहिला. सर सहावा. पहिलं कडवं ‘कौलांवरून धावत गेली सर’ असं संपलं आणि दुसरं ‘भिजशील तिथे, जरा आत सर’ असं सुरू झालं, तर पुनरुक्ती खटकत नाही, कारण पावसाची सर एका क्षणात आज्ञा झाली. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे नाम आणि आज्ञार्थ दोन्ही असणारे शब्द इथे सोन्याच्या मोलाचे. ‘वाट’ तसाच: दूरची वाट, कुणाची तरी पाहिलेली वाट, कामाची लागलेली वाट, खोबरं वाट, प्रसाद वाट. ‘पार’ म्हणजे झाडाखालचा ओटा, नदीचा पलीकडचा तीर आणि ‘पार थकलो’ मधला पार.

पण सहाही शब्द असे घेतलेस तर कवितेची कोटी होईल. दोन-तीन पुरेत. बाकीच्यांनी तेच राहायचं आणि त्यांच्याभोवतीचा प्रसंग बदलायचा. हात हा हातच राहील, पण पहिल्या कडव्यात तो दार लावेल आणि चौथ्यात दुसऱ्याच्या हातात असेल.

या संचात एक खोट आहे. मोठ्याने म्हण: घर, सर. यमक. पाचव्या कडव्याचा क्रम ४, ५, १, ३, ६, २ असा येतो, म्हणजे शेवटच्या दोन ओळी ‘सर’ आणि ‘घर’ वर संपतील आणि तिथे नकोसा दोहा वाजेल. घराऐवजी ‘पाणी’ घे. वाट आणि हात यांच्यासारखं अर्धवट साम्य मात्र चालतं. सेस्टिना ज्याच्यापासून सुरू झाली असं मानतात त्या बाराव्या शतकातल्या कवी अर्नो दानिएलने ‘नख’ आणि ‘काका’ यांसाठीचे दोन शब्द त्याच्या भाषेत जवळजवळ सारखे वाजणारेच निवडले होते.

आता प्रत्ययांचं. मराठीत ‘पाणी’ चं ‘पाण्यात’ होतं आणि ओळीच्या टोकाला शब्द ओळखू येईनासा होतो. टोकाला शब्द मूळ रूपातच ठेव, असं मी म्हणेन. निर्जीव कर्माला ‘ला’ लागत नाही, तेव्हा ‘तिने ओतलं पाणी’ सहज येतं. ‘आई’ घेतलीस की ‘आईला’ पाठलाग करतं. बिशपच्या आजीला हा त्रास नव्हता, इंग्रजीत नामाचं रूप तसंच राहतं.

एकही ओळ लिहिण्याआधी कागदावर सहा रकाने कर आणि प्रत्येक शब्दाखाली सात वाक्यं लिही, सहा कडव्यांसाठी सहा आणि समारोपासाठी एक. चौथ्या वाक्यापाशी तेच ते येऊ लागलं, तर शब्द बदल. तुझं ‘स्वप्न’ बहुधा तिसऱ्यालाच अडेल. मग तीन ओळींचा समारोप आधी रचून बघ: प्रत्येक ओळीत दोन शब्द, एक मध्ये, एक टोकाला. मधल्या शब्दाला प्रत्यय लागला तर लागू दे. कुठल्या दोन शब्दांना एका ओळीत बसवताना ‘आणि’ घालून नुसती यादी होत असेल, तर त्या दोघांतला एक काढ आणि रकाना नव्याने भर.