मिठाच्या पाण्यातली तांबडी पेशी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरे

‘कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये 0.6 टक्के मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकला. पेशी फुटल्याच नाहीत. सर म्हणाले होते की हायपोटॉनिकमध्ये पेशी फुटतात. आमचं काय चुकलं?’ (अकरावी सायन्स, नौपाडा, ठाणे)

तुमचं काही चुकलं नाही. हायपोटॉनिक, म्हणजे अवपरासारी, या शब्दाचा अर्थ एवढाच की पाणी पेशीच्या आत जाईल आणि पेशी फुगेल. ती फुटेल की नाही, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर पेशीच्या आकारात आहे.

तांबडी पेशी बघायला गेलं तर थालीपीठासारखी, मध्ये दबलेली. तिच्यात साधारण 90 फेम्टोलिटर ऐवज असतो. पण तिच्यावरचं पटल तेवढ्या ऐवजाला लागतं त्याहून बरंच ऐसपैस असतं. तेच पटल ताणून पूर्ण गोल चेंडू केला, तर त्यात 150 च्या आसपास फेम्टोलिटर मावतील. या पटलाची गंमत अशी की ते वाकतं, दुमडतं, पण फुग्याच्या रबरासारखं पसरत नाही. चेंडू झाला की जागा संपली.

आता हिशेब मांडा. 90 पैकी साधारण 55 फेम्टोलिटर पाणी परासरणात आत-बाहेर करतं. उरलेले 35, मुख्यतः हिमोग्लोबिन, जिथल्या तिथे राहतात. बाहेरचं द्रावण 0.9 टक्क्यांवरून 0.6 वर आलं, तर आतलं पाणी दीडपट होईल: 55 चे साधारण 82. त्यात 35 मिळवा, झाले 117. अजून भरपूर जागा आहे. पेशी फुगीर होईल, पण शाबूत राहील. 0.45 टक्क्यांत पाणी दुप्पट: 110 अधिक 35, म्हणजे 145. आता मात्र चेंडू जवळजवळ पूर्ण झाला. प्रयोगशाळेत निरोगी रक्ताच्या पेशी साधारण 0.5 ते 0.45 टक्क्यांपासूनच फुटायला लागतात, आणि 0.3 च्या आसपास जवळपास सगळ्या फुटलेल्या असतात. मधला पट्टा रुंद असतो, कारण एकाच थेंबात ताज्या पेशी असतात आणि म्हाताऱ्याही. म्हाताऱ्या पेशींचं पटल झिजलेलं असतं, म्हणून त्या आधी जातात.

पुढच्या वेळी नळीमागे छापील कागद धरून बघा. पेशी शाबूत असतील तर नळी गढूळ दिसते आणि अक्षरं वाचता येत नाहीत. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन पाण्यात उतरतं आणि नळी लाल पण स्वच्छ पारदर्शक होते, अगदी कोकम सरबतासारखी. तुमची 0.6 ची नळी गढूळच असणार.

‘0.9 टक्के सलाइनमध्येही स्लाइडवर काटेरी, आक्रसलेल्या पेशी दिसल्या. हे द्रावण आयसोटॉनिक ना?’ (बीएस्सी, वाशी)

बाटलीत आयसोटॉनिक, म्हणजे पेशीत पाणी ना आत ना बाहेर जाईल असं होतं, स्लाइडवर राहिलं नाही. कव्हरस्लिपच्या कडेने पाणी उडत जातं, मीठ मागे उरतं, आणि दहा मिनिटांत तुमचा थेंब हायपरटॉनिक होऊन बसतो. काटेरी पेशी कडेला जास्त आणि मध्ये कमी दिसत असतील, तर कारण हेच. कडांना व्हॅसलीन लावा आणि लगेच बघा. तरीही थोड्या काटेरी दिसल्या तर काचेला दोष द्या. नुसत्या काचेच्या स्पर्शानेही पेशीला काटे येतात.

‘माझं लग्न ठरलंय. एका शिबिरात थॅलेसेमियाची नेस्ट्रॉफ्ट चाचणी पॉझिटिव्ह आली, नंतर एचपीएलसी केली ती नॉर्मल. हिमोग्लोबिन 9.4, एमसीव्ही 68, ए-टू 2.4 टक्के. खरं कोणतं धरू?’ (ऐरोली, नवी मुंबई)

दोन्ही खरे असू शकतात. नेस्ट्रॉफ्ट थॅलेसेमिया बघतच नाही. ती फक्त विचारते की पेशी फुटायला नकार देतात का.

एका नळीत 0.36 टक्के सलाइन, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर, दोन्हींत रक्ताचा एकेक थेंब. अर्ध्या तासाने हलवून मागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरतात. वरचाच हिशेब इथे लावू. 0.36 म्हणजे 0.9 च्या अडीचपट पातळ, म्हणून निरोगी पेशीतलं पाणी 137 होऊ पाहतं. 35 मिळवले की 172. चेंडूत मावतात 150, म्हणून बहुतेक पेशी फुटतात, नळी स्वच्छ होते, रेघ दिसते.

एमसीव्ही म्हणजे एका पेशीचा सरासरी ऐवज, म्हणून तुमची पेशी 68 फेम्टोलिटरची आहे. तीच अडीचपट लावली तर ती 130 पर्यंत फुगू पाहील. ऐवज कमी झाला, पण पटल त्या मानाने आटलेलं नाही, पिशवी अर्धीच भरलेली. म्हणून ती टिकते, नळी गढूळ राहते, रेघ दिसत नाही, आणि चाचणी पॉझिटिव्ह. पेशीत हिमोग्लोबिन कमी भरलं जाण्याची कारणं मुख्यतः दोन: थॅलेसेमियाची वाहकता किंवा लोहाची कमतरता. नळीला फरक कळत नाही. एचपीएलसी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजते, आणि बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात त्यातला ए-टू हा प्रकार सहसा 3.5 टक्क्यांच्या वर असतो. तुमचं 2.4 आहे, म्हणून माझा पहिला संशय लोहावर. पण लोह कमी असलं की ए-टू स्वतःच थोडं खाली येतं आणि वाहकता झाकू शकतं, शिवाय अल्फा वाहकता एचपीएलसीत सहसा दिसत नाही. म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासा, डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह भरून काढा, मग एचपीएलसी पुन्हा करा. आणि त्या निकालासाठी थांबू नका, होणाऱ्या नवऱ्याची तपासणी आत्ताच करून घ्या. बाळाला गंभीर बीटा थॅलेसेमिया होण्याचा धोका दोघेही वाहक असतील तरच येतो.

शिबिराच्या निकालाबद्दल एक अनुभव सांगते. मी शिकत असताना एका प्रयोगशाळेत सकाळपासून ओळीने पाच जण पॉझिटिव्ह आले. शंका आली म्हणून मी माझंच रक्त घातलं, तेही पॉझिटिव्ह! माझी एचपीएलसी आधीच नॉर्मल होती आणि हिमोग्लोबिन 13. शोधलं तेव्हा सलाइनच्या मूळ बाटलीचं झाकण सैल निघालं. पाणी उडून मीठ घट्ट झालं होतं, आणि त्यातून केलेलं ‘0.36’ प्रत्यक्षात बरंच खारट होतं. डिस्टिल्ड वॉटरच्या नळीने ही चूक पकडली नाही, कारण तिथे पेशी फुटतातच. तेव्हापासून रोज पहिली नळी ठाऊक असलेल्या निरोगी रक्ताची, हा माझा नेम आहे.

‘5 टक्के डेक्स्ट्रोजही आयसोटॉनिक म्हणून शिकवतात. मग रक्त चढवताना त्याच सेटमधून तो का चालत नाही?’ (नर्सिंग विद्यार्थिनी, कळवा)

कारण कण मोजणं वेगळं आणि टॉनिसिटी वेगळी. टॉनिसिटीत फक्त तेच कण धरायचे जे बाहेरच थांबतात. मिठाचे कण थांबतात. युरिया थांबत नाही: 1.8 टक्के युरियात कणांची संख्या सलाइनएवढीच, पण युरिया झरझर आत शिरतो, मागोमाग पाणी, आणि नळी काही क्षणांत स्वच्छ लाल होते. डेक्स्ट्रोज म्हणजेच ग्लुकोज, ते या दोघांच्या मधलं. माणसाच्या तांबड्या पेशीच्या पटलात ग्लुकोज आत घेणारी दारं भरपूर आहेत, म्हणून ते युरियापेक्षा सावकाश, पण आत जातंच, आणि पाणी त्याच्यामागे. शिवाय त्या द्रावणात मीठ नसल्याने पेशी एकमेकींना चिकटून गोळे होतात. सेटमध्ये रक्त आणि डेक्स्ट्रोज शेजारी आले की हे सगळं नळीतच सुरू होतं. म्हणून रक्ताच्या सेटमधून 0.9 टक्के सलाइनच सोडायचं. आधी डेक्स्ट्रोज चालू असेल, तर नवा सेट लावा.