रात्री दहा ते अकरा काहीच आठवत नाही

झोपेच्या गोळीबद्दल दर महिन्याला तीच पत्रं येतात, म्हणून या वेळचा अंक तिलाच देतो आहे.

प्रश्न: झोल्पिडेम नव्या पद्धतीची गोळी आहे, तिची सवय लागत नाही, असं मेडिकलवाले म्हणाले. खरं का?

खोटं आहे. सवय लागते.

प्रश्न: गोळीचा अर्धा तुकडा करून घेतला तर चालेल?

पट्टीवर सीआर किंवा ६.२५, १२.५ लिहिलं असेल तर मुळीच तोडू नका. ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. साध्या गोळीचंही आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: वय ६४. सात वर्षं रोज रात्री झोल्पिडेम १० घेते. हल्ली मुलीशी रात्री फोनवर बोललेलं सकाळी आठवत नाही. परवा ओट्यावर अर्धवट खाल्लेली पोळी होती, घरात मी एकटीच. हा डिमेन्शिया का? माझी गोळी पुन्हा तपासाल का?

ताई, तुमच्या गोळीचा फेरविचार सात वर्षांपूर्वीच, पहिला महिना संपताना व्हायला हवा होता. ही गोळी दोन ते चार आठवड्यांसाठी असते. तीच चिठ्ठी वर्षानुवर्षं पुढे ओढली जाते, यात दोष आम्हा डॉक्टरांचा आहे आणि त्याचा मला राग येतो.

आधी एक गोष्ट पाहा: विसरलेलं नेमकं कोणत्या वेळचं आहे? झोल्पिडेम लवकर चढते. मग माणूस नीट बोलतो, चालतो, पण मेंदू त्या वेळची नोंदच करत नाही. तुमचा फोन तुम्ही विसरला नाहीत, तो मनात साठलाच नव्हता. रिकाम्या जागा फक्त गोळीनंतरच्या एक-दोन तासांत असतील तर पहिला संशय गोळीवर. दिवसाही भाजी कुठे ठेवली, ओळखीचा रस्ता कोणता, हे सुटत असेल तर बी-१२, थायरॉइड, घोरणं आणि झोपेत श्वास अडणं, मनाची उदासी, स्मरणशक्तीची चाचणी, हे सगळं पाहावं लागेल. दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात, म्हणून घरबसल्या निदान नको.

डोसही जास्त वाटतो. बायकांच्या शरीरातून ही गोळी पुरुषांपेक्षा हळू बाहेर पडते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये बायकांसाठी साध्या गोळीचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ वर आणला. वयस्कांसाठी तो ५ च सांगितला जातो.

मला फोनपेक्षा ती पोळी जास्त खुपते. झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी चालवणं यातून अपघात आणि मृत्यूही झाले, म्हणून २०१९ मध्ये त्याच प्रशासनाने सर्वांत कडक इशारा छापायला लावला: असं एकदा जरी झालं तरी औषध थांबवा. पण सात वर्षांनंतर ते कसं थांबवायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्यामुळे पुढच्या महिन्याची वेळ घेऊ नका, आज-उद्याच फोन करा. तोवर रात्री गॅसचा सिलिंडर बंद, घरात कुणीतरी सोबतीला.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका येत होत्या. गोळी साडेनऊला, मालिका बघताना. अंथरुणात जायच्या अकराला. त्यांना झोपेत चालण्याचा त्रास नव्हता, म्हणून वेळ होता. दोन आठवडे मी वही ठेवायला लावली: गोळी किती वाजता, दिवा कधी मालवला, सूनबाईंनी काय पाहिलं. सगळ्या रिकाम्या जागा दहा ते अकरामध्ये सापडल्या. मग गोळी अंथरुणात बसूनच घ्यायची ठरली, आणि १० ची साडेसात, मग पाच, मग अडीच, दर दोन आठवड्यांनी एक पायरी. अडीचवर आल्यावर तीन रात्री त्या दोनपर्यंत जाग्या होत्या. ‘आजार परत आला’ म्हणून पुन्हा १० मागत होत्या. तो आजार नव्हता, गोळी सुटतानाचा ताण होता. त्या पायरीवर दोन आठवडे जास्त थांबलो, झोप येईपर्यंत अंथरुणात न जाण्याची शिस्त लावली. दहाव्या आठवड्यात गोळी सुटली. हे त्यांचं वेळापत्रक, तुमचं तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. वही मात्र न्या, आणि सर्दीच्या, दुखण्याच्या सगळ्या गोळ्याही पिशवीत घालून न्या.

प्रश्न: मेडिकलवाले ओळखीचे आहेत, जुन्या चिठ्ठीवर पट्टी देतात. सोय होते.

ही सोय नाही. हे शेड्यूल एच-१ चं औषध आहे. दुकानदाराने डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं ठेवायचं असतं. पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर पट्टी मिळते, त्यामुळेच वरच्या पत्रासारखी पत्रं येतात. नवी चिठ्ठी घ्यायला डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: गोळी सोडून ‘शंभर टक्के नैसर्गिक’ झोपेच्या गमीज मागवल्या तर?

जाहिरात बघून गोळी सोडू नका. डबीवर घटक वाचा, डबी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: लग्नकार्यात एखादा पेग झाला तर रात्री गोळी चालेल?

नाही.