कंपन्यांना मेल नेमका कधी टाकायचा?

फ्रीलान्स पॅकेजिंग डिझाइन करतो, मुंबईत. शंभर कंपन्यांना मेल टाकले, रिप्लाय शून्य. काय चुकतंय?

शंभर कशाला, बाराच ठेव एका शीटमध्ये आणि दर सोमवारी अर्धा तास त्यांची करिअर पेजेस नि लिंक्डइन बघ. अंधेरीच्या एका स्नॅक्सवाल्यांनी ब्रँड मॅनेजरची जाहिरात टाकली तेव्हा मी थांबलो, कारण माणूस नोटीस पिरियड भरून यायला दोन-तीन महिने जातातच, मग तो जॉइन झाल्याची पोस्ट दिसली तसा आठवड्याभराने थेट त्यालाच मेल टाकला, नव्या माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतं ना. तीन पाकिटांचं काम मिळालं.

लाँचची बातमी मात्र उशिराची, तोवर पाकिटं छापून दुकानात आलेली असतात, तेव्हा पुढच्या फ्लेवरचं विचार. आणि इन-हाउस डिझायनरची जाहिरात दिसली तर उलट लगेच लिही, तो येईपर्यंत काम कोणीतरी करायलाच लागतं.