३८ हजाराचं किट की ५८ हजाराचं? आरसीचा हिशेब धरून बघू

"२०१८ ची स्विफ्ट पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली, लोन अजून १४ महिने. महिन्याला १००० किमी होतात. ओळखीचा मेकॅनिक ३८ हजारात सीएनजी किट बसवतो, म्हणतो आरसीवर चढवायची काही गरज नाही, कोण बघतं. अधिकृत सेंटरवाला पासिंगसकट ५८ हजार सांगतो. २० हजार वाचवू का?"

नका वाचवू. आणि ५८ वालं किटही गाडी अजून तीन वर्षं तरी ठेवणार असाल तरच बसवा.

आधी बचत बघू. पेट्रोल १०४ रुपये आणि शहरात १६ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात, सीएनजी ९२ रुपये आणि किलोला २२ किमी धरले तर सव्वाचारच्या आत (तुमच्या गावातला आजचा दर घालून बघा). सकाळी गाडी पेट्रोलवरच चालू होते आणि गरम झाली की गॅसवर जाते, म्हणून थोडं पेट्रोल जातंच, ते वजा करून महिन्याला साधारण २१५० वाचतात, म्हणजे वर्षाला पंचवीस-सव्वीस हजार. मेकॅनिक एवढंच सांगून थांबतो. किट आरसीवर चढलं की इन्शुरन्सवाले किटच्या किमतीच्या साधारण ४ टक्के ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये वाढवतात, थर्ड पार्टीचे ६० रुपये वेगळे, वर जीएसटी, असे वर्षाला पावणेतीन हजारापर्यंत जातात. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी असते, तिचे वर्षाला हजारेक बाजूला ठेवा. हातात राहतात बावीस हजार, म्हणजे ५८ हजार सुटायला दोन वर्षं आठ महिने. लोन संपलं की गाडी बदलायचा विचार असेल तर हा सौदाच तोट्याचा आहे.

आता ते २० हजार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदल केल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते, आणि परवानगीत न बसणारा बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण मला दंडापेक्षा क्लेमची काळजी जास्त वाटते. पॉलिसीवर गाडी पेट्रोल आणि डिकीत गॅसची टाकी, अशात वायरिंगला आग लागली तर सर्व्हेअर पहिला फोटो टाकीचाच काढणार, पुढे भांडत बसा. शिवाय विकताना एक्स्चेंजवाला आरसी बघूनच किंमत पाडतो.

मात्र "पासिंगसकट" या शब्दावर पण जाऊ नका, पैसे द्यायच्या आधी सेंटरकडे किटचं टाइप ॲप्रूव्हल सर्टिफिकेट मागा, एआरएआय किंवा आयकॅटसारख्या टेस्टिंग एजन्सीचं. त्यात तीन गोष्टी वाचा: तुमचं ११९७ सीसी इंजिन त्या रेंजमध्ये बसतं का, तुमच्या गाडीचा बीएस फोर हा प्रदूषणाचा निकष लिहिलाय का, आणि फिटिंगच्या तारखेला ते चालू आहे का. हे ॲप्रूव्हल तीन वर्षांचं असतं, मग रिन्यू करावं लागतं, आणि संपलेल्या ॲप्रूव्हलवर बसवलेलं किट कितीही चांगलं असलं तरी आरटीओत अडकतं.

फिटिंग झालं की टाकीवर कोरलेला नंबर आणि सर्टिफिकेटवरचा नंबर स्वतः टॉर्च मारून ताडून बघा, रेग्युलेटरचाही. इन्स्पेक्शनला इन्स्पेक्टर तेच बघतो, चेसिस नंबरासोबत, आणि एक आकडा जरी चुकला तरी कागद परत. एजंट म्हणतो "होऊन जाईल", पण १४ दिवस तुमचे चालू असतात. टाकीची कम्प्लायन्स प्लेट लावून घ्या, पंपावर टेस्टची तारीख तीवरच बघतात.

लोन आहे म्हणून बँकेची लेखी संमती फिटिंगच्या आधी घ्या, नंतर मागितली तर बँक आणि आरटीओच्या मधे तुम्हीच फिरत बसाल.

इलेक्ट्रिक कन्व्हर्जन तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी सांगेलच. तिथेही तुमच्याच मॉडेलला मंजूर झालेलं किट लागतं, इन्स्पेक्शन होतं आणि आरसीवर इंधन बदलतं, पण खर्च लाखांत जातो. महिन्याला १००० किमीवर तो गाडीच्या उरलेल्या आयुष्यात सुटणं अवघड आहे, सोडून द्या.

५८ मधले १० हजार आरसीवर पेट्रोल/सीएनजी दिसेपर्यंत हातात ठेवा आणि तसं बिलावरच लिहून घ्या, बिल पक्कं, किटची किंमत वेगळी दाखवलेली, कारण इन्शुरन्सवाले तीच धरतात. एमपरिवहन ॲपवर इंधन बदललेलं दिसलं की त्याच दिवशी आरसी आणि बिल इन्शुरन्सला मेल करून एंडोर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत किटची नोंद मागा, रिन्यूअलची वाट बघू नका.