बदलून मागायचं पत्र: तक्रार कमी, पुरावा जास्त

तुझं पत्र वाचलं. 'माल खराब निघाला, लवकर बदलून द्या' एवढ्यावर कुणी हलत नाही. पुरवठादार पहिल्यांदा एकच म्हणणार: तुम्हीच चुकीची जोडणी करून जाळले. त्याचं उत्तर पत्रातच हवं.

समज, टॉवेल कटिंग मशीनसाठी २० स्टेपर ड्रायव्हर घेतले आणि ४ वर मोटर नुसती थरथरते, फिरत नाही. अशा वेळी बहुतेक ड्रायव्हरचा एक फेज मेलेला असतो, म्हणजे मोटरच्या एका कॉइलला करंटच जात नाही. पण वायर सैल असली तरी हेच दिसतं. म्हणून मोटर, २४ व्होल्टचा सप्लाय, वायरी, सेटिंग सगळं तेच ठेवून फक्त ड्रायव्हर बदल. चांगल्यावर मोटर फिरली, परत खराब लावल्यावर थरथरली, की दोष कुठे ते उघड आहे. व्हिडिओत ड्रायव्हरचा सीरियल नंबर आणि मीटरवरचं व्होल्टेज दिसू दे. मात्र सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढू नकोस. चांगला ड्रायव्हरही तिथेच जातो.

पत्रात बिल नंबर, तारीख, चारही सीरियल नंबर आणि चाचणीचा निकाल लिही. मुदत म्हणजे तारीख: '२० तारखेपर्यंत चिंचोळी एमआयडीसीत पोहोच, दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्याकडे, नाहीतर क्रेडिट नोट.' आणि पत्र आजच पाठव. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे वाजवी मुदतीत नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात.