शोधनिबंधाच्या सादरीकरणात नोट्स कशा लिहाव्यात आणि वेळेच्या खुणा कुठे घालाव्यात?

प्रश्न: एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या सेमिनारमध्ये गुरुत्वीय लहरी प्रथमच नोंदवल्याचे सांगणाऱ्या लायगो वेधशाळेच्या २०१६ च्या शोधनिबंधावर १२ मिनिटे बोलायचे आहे. स्लाइड तयार आहेत, पण सरावात दर वेळी १६-१७ मिनिटे होतात. स्पीकर नोट्स कशा लिहू आणि वेळेच्या खुणा कशा घालू?

उत्तर:

हाच शोधनिबंध मी आमच्या विभागातील वाचनगटात सादर केला आहे आणि नंतर अनेक विद्यार्थ्यांकडून त्यावरचे सेमिनार ऐकले आहेत. जास्तीची चार-पाच मिनिटे बहुधा दोन ठिकाणी जातात. एक म्हणजे निबंधाच्या प्रस्तावनेतला इतिहास, म्हणजे १९१६ सालचे आइन्स्टाइनचे भाकीत आणि हल्स-टेलर यांचा जोड-पल्सार, हा नोट्समध्ये जसाच्या तसा उतरतो. दुसरे म्हणजे आकृती पाहायला श्रोत्यांना जो वेळ लागतो, तो कोणीच हिशेबात धरत नाही. म्हणून नोट्स लिहायला बसण्याआधी वेळेची वाटणी करून घ्यावी आणि ती शेवटाकडून सुरुवातीकडे करावी.

१२ मिनिटांचे भाषण ११ मिनिटांत संपेल असेच आखावे, कारण माइक सरकवणे, स्लाइड मागे नेणे, एखादे वाक्य दुसऱ्यांदा सांगणे यांत एक मिनिट हमखास जाते. शेवटच्या स्लाइडला ४५ सेकंद दिले की ती १०:१५ ला उघडली पाहिजे. त्याआधी ‘हा संकेत म्हणजे निव्वळ गोंगाट तर नव्हे?’ या प्रश्नाची स्लाइड येते. तिला पावणेदोन मिनिटे, म्हणजे ती ८:३० ला सुरू व्हायला हवी. त्याआधी कृष्णविवरांच्या वस्तुमानांना दीड मिनिट दिले की ७:०० वर येतो, आणि मूळ संकेत दाखवणाऱ्या आकृती १ ला अडीच मिनिटे दिली की ४:३० वर. शीर्षक, मुख्य निष्कर्ष, स्ट्रेन, म्हणजे लहरीमुळे भुजेच्या लांबीत होणारा सापेक्ष बदल, आणि उपकरण कसे चालते, हे सर्व या पहिल्या साडेचार मिनिटांत बसवायचे आहे. अशा मांडणीत हल्स-टेलर यांना एका वाक्यापेक्षा जास्त जागा उरत नाही, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. श्रोते २०१५ च्या १४ सप्टेंबरला काय दिसले ते ऐकायला आलेले असतात.

आता खुणांविषयी. बहुतेक विद्यार्थी प्रत्येक स्लाइडवर ‘९० सेकंद’, ‘१०५ सेकंद’ असे लिहितात. बोलताना मनातल्या मनात बेरीज करणे कोणालाच जमत नाही, त्यामुळे या आकड्यांचा मंचावर काही उपयोग होत नाही. खूण नेहमी घड्याळात दिसणाऱ्या वेळेची असावी, म्हणजे ही स्लाइड उघडताना घड्याळात किती वाजलेले असावेत याची. शिवाय ती प्रत्येक स्लाइडवर नको. आठ स्लाइडच्या या सादरीकरणात मी तीनच खुणा ठेवीन: ४:३०, ७:०० आणि १०:१५. त्यांच्यामध्ये घड्याळाकडे पाहायचे नाही. दर मिनिटाला घड्याळ पाहणारा वक्ता आपले बोलणे तोडत जातो आणि श्रोत्यांनाही ते जाणवते.

नुसत्या खुणेने उशीर झाल्याचे कळते, पण काय करायचे ते कळत नाही. म्हणून प्रत्येक खुणेशेजारी काय गाळायचे तेही लिहून ठेवावे, कारण उभ्या उभ्या घाईत घेतलेला निर्णय बहुधा चुकीचा ठरतो आणि माणूस काही गाळण्याऐवजी भराभर बोलू लागतो.

नोट्सची लांबी ठरवण्यासाठी इंग्रजी पुस्तकांतील मिनिटाला अमुक शब्द हा हिशेब वापरू नये. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जातात, त्यामुळे एकेक शब्द लांब होतो आणि मिनिटाला कमी शब्द बसतात. आपल्याच नोट्समधील एक परिच्छेद उभे राहून, समोर कोणी आहे असे समजून दोन मिनिटे वाचावा आणि शब्द मोजावेत. माझा वेग मिनिटाला सुमारे १०५ शब्द निघाला. आकृती १ च्या अडीच मिनिटांतून आकृती दाखवत गप्प राहण्याचे ३५ सेकंद वजा केले की ११५ सेकंद उरतात, म्हणजे सुमारे २०० शब्द. एवढेच बोलणे त्या स्लाइडवर शक्य आहे, आणि त्या हिशेबाने काय निवडायचे ते ठरते.

ही आकृती अवघड आहे. तिच्यात लायगोच्या दोन उपकरणांचे दोन स्तंभ आहेत, डावीकडे हॅनफर्ड आणि उजवीकडे लिव्हिंग्स्टन. आणि चार ओळी आहेत. वरच्या ओळीत प्रत्यक्ष नोंदवलेला स्ट्रेन, दुसरीत सिद्धांतावरून काढलेला आकार, तिसरीत दोन्हींची वजाबाकी केल्यावर उरलेला भाग, आणि चौथीत वेळेनुसार चढत जाणारी वारंवारता. आठ चौकटी एकदम दाखवल्या तर श्रोते त्या वाचत बसतात आणि आपले बोलणे ऐकत नाहीत. म्हणून मी ती आकृती दोन टप्प्यांत उघडतो: आधी फक्त वरची ओळ, मग तळाची. मधल्या दोन ओळी शेवटी, वेळ असला तरच. त्या स्लाइडवरची माझी टीप साधारण अशी असते:

> ४:३० — ५:०० नंतर आलो तर मधल्या ओळी गाळ
> आडवा अक्ष वेळ, उभा अक्ष स्ट्रेन, १०⁻²¹ च्या पटीत. (थांब. पाच सेकंद पाहू दे.)
> लिव्हिंग्स्टन आधी, हॅनफर्ड ६.९ मिलिसेकंदांनी नंतर.
> डाव्यातली रेघ उजवीकडेही आहे: वेळेत सरकवलेली आणि उलटी केलेली. हे सांगच.
> तळाची ओळ: ०.२ सेकंदांत ३५ ते २५० हर्ट्झ. (बोटाने चढ दाखव. थांब.)
> पुढे: हा चढ कशाचा? → वस्तुमाने

यात पूर्ण वाक्ये मुद्दाम नाहीत. नोट्समध्ये पूर्ण वाक्य असले की नजर तिथेच खिळते आणि बोलणे वाचनासारखे ऐकू येते. निबंधातून उचललेले वाक्य असेल तर अधिकच, कारण छापील वाक्य डोळ्यांसाठी रचलेले असते. पूर्ण वाक्ये फक्त दोन ठिकाणी लिहावीत: पहिले वाक्य आणि शेवटचे. ‘उलटी केलेली’ हा शब्द मात्र टिपेत हवाच. लिव्हिंग्स्टनच्या चौकटीत हॅनफर्डची नोंद उलटी करून दाखवली आहे, कारण दोन्ही उपकरणांच्या भुजांच्या दिशा वेगळ्या आहेत. हे सांगायचे राहिले तर नेमका तोच प्रश्न कोणीतरी मध्येच विचारतो आणि अर्धे मिनिट जाते.

आकड्यांसाठीही असाच थांबा लिहावा. १०⁻²¹ हा आकडा नुसता उच्चारला तर कोणाच्याही मनात काही उभे राहत नाही. स्ट्रेनच्या स्लाइडवर मी लिहितो: ‘४ किमीची भुजा, बदल ४ × १०⁻¹⁸ मीटर, प्रोटॉनच्या व्यासाचा सुमारे चारशेवा भाग.’ याला दहा-बारा सेकंद लागतात, पण पुढच्या सर्व स्लाइडवर स्ट्रेन पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

७:०० च्या खुणेला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त उशीर झाला असेल तर वस्तुमानांच्या स्लाइडवर फक्त चार आकडे सांगावेत: ३६ आणि २९ सौर वस्तुमानांची दोन कृष्णविवरे, त्यांतून ६२ चे एक, आणि ३ सौर वस्तुमानांइतकी ऊर्जा लहरींच्या रूपात बाहेर. त्रुटींच्या मर्यादा स्लाइडवर छापलेल्या असतातच; त्या मोठ्याने वाचायच्या नाहीत. गोंगाटाच्या प्रश्नावरची स्लाइड मात्र कधीही गाळू नये, कारण निबंधाचा दावा तिच्यावरच उभा आहे. तिथे आकृती ४ चा फक्त उजवा भाग घ्यावा. एका उपकरणाची नोंद दुसऱ्याच्या तुलनेत वेळेत सरकवून योगायोगाने किती जुळण्या मिळतात ते मोजले, आणि अशी खोटी जुळणी २,०३,००० वर्षांत एकदाही अपेक्षित नाही असे आढळले, हे तीन वाक्यांत सांगता येते.

सराव करताना मोबाइलच्या स्टॉपवॉचमध्ये प्रत्येक स्लाइड बदलताना लॅप दाबावा आणि असे तीनदा करावे. तिन्ही वेळा एकाच स्लाइडवर वेळ वाढत असेल तर त्या टिपेत शब्द जास्त आहेत. दर वेळी वेगळ्याच स्लाइडवर वाढत असेल तर टिपा पुरेशा नेमक्या नाहीत आणि आपण तिथल्या तिथे वाक्ये जुळवतो आहोत.

पॉवरपॉइंटमधील `Rehearse Timings` वापरत असाल तर एक सावधगिरी घ्या. शेवटी वेळा जतन करायला ‘होय’ म्हटले की त्या स्लाइडना चिकटतात आणि प्रत्यक्ष सादरीकरणात स्लाइड आपोआप पुढे सरकू लागतात. एका विद्यार्थिनीच्या बाबतीत असे आकृती १ च्या मध्यावर घडले आणि पुढचे दोन मिनिटे ती मागे-पुढे करत राहिली. `Slide Show` टॅबमधील `Use Timings` ची खूण काढून टाकली की हे होत नाही. प्रेझेंटर व्ह्यूमधले घड्याळ स्लाइड शो सुरू होताच पळू लागते, म्हणून अध्यक्षांनी ओळख करून दिल्यावर ते पुन्हा शून्यावर आणावे.

स्लाइड लाटेकच्या बीमरमध्ये केल्या असतील आणि `pdfpc` वापरणार असाल तर

```
pdfpc -d 12 -l 2 seminar.pdf
```

असे लिहिल्यास शेवटच्या दोन मिनिटांत घड्याळाचा रंग बदलतो. मात्र हे घड्याळ उलटे चालते, १२ वरून शून्याकडे. म्हणजे वरच्या खुणा ७:३०, ५:०० आणि १:४५ अशा लिहाव्या लागतील. सरावात सुलटे घड्याळ आणि सभागृहात उलटे अशी गफलत झाली तर खुणांचा उलट त्रासच होतो.

अनेक महाविद्यालयांत सर्वांच्या फायली सभागृहातील एकाच संगणकावर पीडीएफ स्वरूपात घेतात. तिथे पॉवरपॉइंटच्या नोट्स दिसत नाहीत. म्हणून तीन खुणा, त्यांच्यासोबतच्या वगळण्याच्या सूचना आणि शेवटचे वाक्य एवढे एका जाड कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून हातात ठेवा. इशाऱ्याची घंटा कितव्या मिनिटाला वाजते ते संयोजकांना आधी विचारून तीही वेळ कार्डावर लिहा. ती १० व्या मिनिटाला वाजत असेल तर तेव्हा आपण गोंगाटाच्या स्लाइडच्या अखेरीस असू, हे माहीत असले की घंटेने गोंधळ उडत नाही.

हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाबद्दल बोलण्याचा मोह आपल्याकडे प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. ती स्लाइड शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेवा. तिला वेळेची खूण नको. प्रश्नोत्तरांत कोणीतरी तो विषय काढतोच, आणि तेव्हा ती उघडता येते.